गाडी रद्द झाली की तिकीट?

जुलै २०२४ मध्ये कोकण रेल्वेने पाच-सहा दिवसांच्या अंतराने दोन धक्के खाल्ले. ९ जुलैला गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं. १४ तारखेला खेडजवळ, दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड कोसळली. काही गाड्या रद्द झाल्या. काही मुंबईकडून निघाल्या त्या पुणे, मिरज, लोंडा अशा घाटमाथ्याच्या वाटेने मडगावला गेल्या. काही मधल्याच कुठल्या तरी स्टेशनावर तासन् तास उभ्या राहिल्या. स्टेशनांवर, घरांत, मोबाइलवर एकच प्रश्न फिरत होता : तिकिटाचे पैसे परत कसे मिळणार?

या प्रश्नाचं उत्तर सरसकट एक नाही. रद्द झालेली गाडी, वळवलेली गाडी, मध्येच संपलेली गाडी आणि उशिरा आलेली गाडी या रेल्वेच्या लेखी चार वेगळ्या गोष्टी आहेत. चारही प्रसंगांत प्रवाशाचा पैशांवर हक्क असतो. तो मागायची जागा, वेळ आणि रीत मात्र प्रत्येक वेळी बदलते. बहुतेकांचे पैसे नियम आड आल्यामुळे बुडत नाहीत. चुकीचं बटण दाबलं किंवा योग्य बटण उशिरा दाबलं, म्हणून बुडतात.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक घाईची असते. संध्याकाळच्या बातम्यांत दरड कोसळल्याचं दिसतं, उद्या सकाळची गाडी काही सुटत नाही हे कोणालाही कळतं, आणि प्रवासी मोबाइल उघडून स्वतःच तिकीट रद्द करून टाकतो. त्या क्षणी रेल्वेच्या नोंदीत गाडी अजून चालू असते. संगणकाला एवढंच दिसतं की या माणसाने आपल्या मर्जीने प्रवास सोडला. मग नेहमीचं रद्दीकरण शुल्क कापून उरलेली रक्कम खात्यात येते. दोन तासांनी रेल्वे तीच गाडी अधिकृतपणे रद्द करते. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांना पूर्ण भाडं मिळतं, आणि ज्याने तत्परता दाखवली त्याला कमी.

म्हणून गाडी रद्द होईल असं वाटत असताना तिकिटाला हात न लावणं बरं. पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा दहा आकडी क्रमांक, अधूनमधून तपासत राहावा किंवा १३९ वर विचारावं. गाडी रद्द झाल्याची नोंद आरक्षणाच्या संगणकात पडली की ऑनलाइन काढलेल्या तिकिटासाठी प्रवाशाला काहीही करावं लागत नाही. ना तिकीट रद्द करायचं, ना अर्ज भरायचा. ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात ते आपोआप परत येतात. खिडकीवरून काढलेल्या कागदी तिकिटाचं तसं नाही. तिथे तिकीट घेऊन आरक्षण केंद्रावर जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी सुटण्याच्या दिवसानंतर तीन दिवसांची मुदत असते. गाडी रद्द झालेली असल्याने तिथेही शुल्क कापलं जात नाही.

खात्यात आलेली रक्कम मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क परत मिळत नाही. २०१९ पासून हे शुल्क पुन्हा लागू झालं आहे. वातानुकूलित वर्गाच्या तिकिटाला यूपीआयने पैसे भरल्यास २० रुपये, कार्डाने किंवा नेटबँकिंगने भरल्यास ३० रुपये, आणि त्यावर जीएसटी. हे शुल्क माणशी नसून तिकिटामागे असतं. म्हणजे चार जणांच्या तिकिटाचे पैसे यूपीआयने भरले असतील, तर परताव्यात २३ रुपये ६० पैसे कमी दिसतील. तेवढीच तूट असेल तर हिशेब बरोबर आहे. त्याहून मोठी तूट असेल, तर तिकीट ‘गाडी रद्द’ या सदरात न जाता ‘प्रवाशाने रद्द केलं’ या सदरात गेलं का, हे आधी पाहावं.

आता अवघड भाग. गाडी रद्द झाली नाही, पण प्रवासही झाला नाही.

यासाठी रेल्वेची एक खास सोय आहे, टीडीआर. पूर्ण नाव तिकीट डिपॉझिट रिसीट. पूर्वी प्रवासी आपलं न वापरलेलं तिकीट स्टेशनवर जमा करायचा आणि त्याबदल्यात त्याला पावती मिळायची. त्या पावतीच्या जोरावर तो पुढे पैसे मागायचा. कागदी तिकिटासाठी ती पावती आजही तशीच चालते. ऑनलाइन तिकिटाला जमा करायला कागदच नसतो. म्हणून त्याच नावाचा एक अर्ज आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर भरायचा असतो. तिकीट ज्या खात्यातून काढलं त्यात लॉगिन करून My Transactions मध्ये जायचं, File TDR निवडायचं, पीएनआर समोर आला की कोणत्या प्रवाशांसाठी पैसे हवेत त्यांच्या नावांवर खूण करायची आणि मग कारण निवडायचं.

कारण निवडण्याच्या या पायरीवर सगळा खेळ आहे. तिथे आपली हकीकत मोकळेपणाने लिहिता येत नाही. इंग्रजीत ठरलेल्या कारणांची यादी असते, त्यातलं एक उचलायचं. ‘प्रवास केला नाही’ असा अर्थ असलेली बरीच कारणं एकाखाली एक दिसतात आणि वरवर सारखी वाटतात. पण Passenger Not Travelled एवढंच निवडलं, तर आपण आपल्याच कारणाने गेलो नाही असा त्याचा अर्थ होतो. त्यावर सहसा हाती काही लागत नाही. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा होती म्हणून गेलो नाही, हे सांगायचं असेल तर यादीतलं नेमकं वाक्य असं आहे :

```
Train Late More Than Three Hours and Passenger Not Travelled
```

एक प्रसंग सविस्तर पाहू. समजा, ठाण्याचं एक कुटुंब गणपतीला कुडाळला निघालंय. चौघांचं तिकीट, थ्री टियर एसी, ऑनलाइन काढलेलं. गाडीची ठाण्याची वेळ सकाळी ७.५०. सहा वाजता कळतं की आदल्या दिवशी कोकणातून यायची गाडीच रात्री उशिरा पोचली, त्यामुळे इकडून सुटणारीही मागे पडणार आहे. साडेसहाला अंदाज येतो दोन तासांचा, आठ वाजता तीन तासांचा, नऊ वाजता चार तासांचा. कुटुंब एसटीने जायचं ठरवतं.

इथे तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, उशीर कुठे मोजायचा? गाडी जिथून सुटते तिथला उशीर धरत नाहीत, प्रवासी जिथून चढणार त्या स्टेशनावरचा धरतात. म्हणजे या कुटुंबासाठी ठाण्याचा. गाडी सीएसएमटीवरून दोन तास पन्नास मिनिटं उशिरा सुटली आणि ठाण्याला येईपर्यंत तीन तास दहा मिनिटं उशीर झाला, तर ठाणेकराला पूर्ण परतावा लागू होतो, सीएसएमटीच्या प्रवाशाला नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची, आणि बहुतेकांचे पैसे इथेच जातात. गाडी प्रत्यक्षात त्या स्टेशनावरून सुटण्याआधी टीडीआर भरलेला असला पाहिजे. घरी जाऊन, जेवून, दुपारी निवांतपणे भरलेला टीडीआर उपयोगाचा नाही. गाडी ठाण्याहून ११.४० ला सुटली असेल तर अर्ज ११.४० च्या आत गेलेला हवा. कागदी तिकीट असेल तर तेही गाडी सुटायच्या आत खिडकीवर द्यावं लागतं. या नियमामागचं कारण सरळ आहे : गाडी निघून गेल्यावर ‘आम्ही बसलो नव्हतो’ हे म्हणणं तपासायला अवघड जातं, आणि गाडी असतानाच तिकीट सोडलं तर ती जागा दुसऱ्या कोणाला देता येते. कारण पटण्यासारखं आहे. तरी ज्या घाईगर्दीत प्रवाशाला दुसरी गाडी, दुसरी बस, म्हाताऱ्या आईची व्यवस्था हे सगळं एकदम पाहावं लागतं, त्याच वेळी हा अर्जही भरायचा असतो. ही अट तिकिटावर ठळकपणे छापायला हवी. निदान उशिराचा जो संदेश मोबाइलवर येतो त्यात तरी सांगायला हवी.

तिसरी गोष्ट पुराव्याची. गाडीचं ठिकाण दाखवणाऱ्या रेल्वेच्या एनटीईएस या सेवेवर प्रत्येक स्टेशनापुढे ठरलेली वेळ, अपेक्षित किंवा प्रत्यक्ष वेळ आणि उशीर दिसतो. ठाण्याची ओळ दिसेल असा त्या पानाचा स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळेसह, त्याच क्षणी काढून ठेवावा. टीडीआर भरताना तो जोडावा लागत नाही. पण महिन्या-दीड महिन्याने दावा नाकारला गेला, तर पुढच्या तक्रारीत हाच एक कागद प्रवाशाच्या बाजूने बोलतो.

चौघांपैकी दोघे एसटीने गेले आणि दोघे गाडीची वाट पाहत थांबले, तर? मग टीडीआर फक्त न गेलेल्या दोघांच्या नावाचा भरायचा. गाडीत तिकीट तपासनीस आला की त्याला आपले दोन जण आलेले नाहीत हे स्पष्ट सांगून त्याच्या यंत्रात तशी नोंद करून घ्यायची. रिकाम्या बर्थवर सामान पसरून चौघांच्या जागा वापरल्या आणि मग दोघांचे पैसे मागितले, तर रेल्वेच्या नोंदीत चौघेही प्रवास करत असल्याचं दिसू शकतं. दावा फेटाळण्यासाठी तेवढं पुरतं.

टीडीआर भरला म्हणजे पैसे मंजूर झाले, असं नाही. आयआरसीटीसी हा अर्ज फक्त पुढे पाठवते. तो जातो गाडीचं शेवटचं स्टेशन ज्या विभागीय रेल्वेच्या हद्दीत येतं तिच्याकडे. तिथले कर्मचारी गाडीच्या धावण्याची नोंद आणि आरक्षणाचा तक्ता ताडून पाहतात, निर्णय देतात आणि मग पैसे आयआरसीटीसीमार्फत खात्यात येतात. या सगळ्याला दोन महिने सहज लागू शकतात. या काळात TDR History मध्ये अर्जाची स्थिती पाहता येते. अर्ज भरल्यावर तो नोंदला गेल्याचा संदेश आला का, हे त्याच दिवशी पाहणं महत्त्वाचं. नेटवर्क तुटलं आणि शेवटचं बटण दाबलंच गेलं नाही, असं स्टेशनच्या गर्दीत घडू शकतं.

गाडी वळवली गेली तर नियम थोडे सैल आहेत. पेडण्याचा बोगदा बंद असताना जी गाडी मिरज-लोंडामार्गे गेली, ती कुडाळला पोचणंच शक्य नव्हतं. ज्याचं चढायचं किंवा उतरायचं स्टेशन असं वाटेतून गळलं, त्याने टीडीआरमध्ये वळवलेल्या गाडीचं कारण निवडायचं. त्या यादीत तीन वेगळी वाक्यं आहेत : गाडी वळवली म्हणून प्रवास केला नाही, वळवलेली गाडी चढायच्या स्टेशनावर आली नाही, आणि वळवलेली गाडी उतरायच्या स्टेशनावर गेली नाही. आपलं कोणतं ते नीट वाचून ठरवावं. इथे गाडी सुटायच्या आतच अर्ज भरण्याची अट नाही. चढायच्या स्टेशनावरून गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर ७२ तास मिळतात.

गाडी अर्ध्या वाटेत संपली तर मात्र नियमात एक बारीक फरक आहे आणि तो प्रवाशांना क्वचितच कोणी सांगतं. रेल्वे वाजवी वेळात मुक्कामापर्यंत नेऊ शकली नाही, तर पूर्ण प्रवासाचं भाडं परत मिळतं, झालेला प्रवाससुद्धा धरून. पण रेल्वेने बस किंवा दुसरी गाडी देऊ केली आणि प्रवाशाने ती नाकारली, तर फक्त न झालेल्या प्रवासाचं भाडं मिळतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या पुराने कोकण रेल्वे ठप्प झाली तेव्हा हजारो प्रवासी वेगवेगळ्या स्टेशनांवर अडकले होते. अशा वेळी रेल्वेने बस दिली होती की नाही, कुठून कुठवर दिली होती, यावर परताव्याची रक्कम ठरते. स्टेशनवर झालेली घोषणा, लावलेला फलक, बसची वेळ, असं काही असेल तर त्याचा फोटो घ्यावा. काहीच व्यवस्था नसेल तर स्टेशन मास्तरांकडून टीडीआरच्या पावतीवर तसा शेरा मागून घ्यावा.

कागदी तिकिटाच्या बाबतीत इथूनच अर्ज लिहायची वेळ येते. स्टेशनवर लगेच पैसे मिळाले नाहीत, तर टीडीआरची पावती घेऊन प्रवासाच्या तारखेपासून दहा दिवसांच्या आत मुख्य वाणिज्य व्यवस्थापकांच्या परतावा विभागाकडे अर्ज करायचा असतो. कोणत्या रेल्वेच्या कोणत्या कार्यालयाकडे, हे पावती देणाऱ्या कर्मचाऱ्याकडूनच लिहून घेतलेलं बरं.

हा अर्ज इंग्रजीतच हवा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार केंद्राच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे तक्रारीचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. रेल्वे केंद्राची आहे, त्यामुळे मराठी अर्ज हा प्रवाशाचा घटनात्मक अधिकार आहे. पण तोच अर्ज पुढे सिकंदराबादला किंवा दिल्लीला गेला तर तिथल्या टेबलावर मराठी वाचणारं कोणी असेलच, असं नाही. म्हणून व्यवहारी वाट ही, की एकाच कागदावर वर मराठी मजकूर आणि खाली तोच मजकूर इंग्रजीत द्यावा. दोन्हींत माहितीचा क्रम तोच ठेवावा. रक्कम, पीएनआर आणि गाडीचा क्रमांक इंग्रजी भागात इंग्रजी आकड्यांत द्यावेत. तारखेत महिना अक्षरांत लिहावा, म्हणजे ५ सप्टेंबर की ९ मे असा घोळ होत नाही. नावाचं स्पेलिंग तिकिटावर आहे तेच, चुकलेलं असलं तरी तेच.

मराठी मजकूर साधारण असा असावा :

> प्रति, मुख्य वाणिज्य व्यवस्थापक (परतावा), कोकण रेल्वे, बेलापूर.
>
> विषय : गाडी मध्येच संपल्यामुळे पूर्ण भाडे परत मिळण्याबाबत.
>
> महोदय, मी ठाणे ते कुडाळ या प्रवासासाठी खिडकीवरून आरक्षित तिकीट घेतले होते. पीएनआर क्रमांक, गाडीचा क्रमांक व नाव, प्रवासाची तारीख, वर्ग, प्रवाशांची नावे आणि भरलेले भाडे खाली दिले आहे. दिनांक … रोजी ही गाडी रुळांवर पाणी आल्यामुळे चिपळूण येथे थांबवण्यात आली व पुढे गेली नाही. पुढील प्रवासासाठी रेल्वेकडून कोणतीही व्यवस्था झाली नाही. मी चिपळूण स्टेशनवर तिकीट जमा करून टीडीआर क्रमांक … घेतला. मूळ पावती सोबत जोडली आहे.
>
> तरी पूर्ण प्रवासाचे भाडे खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करावे, ही विनंती.

यात कोणालाही दूषणं दिलेली नाहीत, प्रवासातले हालही सांगितलेले नाहीत. ते लिहिण्याचा मोह होतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण अर्ज तपासणाऱ्याला पाच गोष्टी हव्या असतात : कोणतं तिकीट, काय घडलं, कुठे घडलं, रेल्वेने पर्याय दिला का, आणि किती पैसे. त्या पहिल्या दहा ओळींत सापडल्या तर काम पुढे सरकतं. मूळ पावती पाठवण्याआधी तिची झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो ठेवावा. अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा आणि त्याची पावती जपावी.

ऑनलाइन टीडीआर भरून दोन-अडीच महिने झाले आणि काहीच हललं नाही, तर आयआरसीटीसीच्या care@irctc.co.in या पत्त्यावर मेल करता येतो. तिथे विषयाच्या ओळीतच सगळी ओळख यावी. खालच्या ओळीतले आकडे नमुन्याचे आहेत :

```
Refund not received: PNR 8XXXXXXXXX, Train 10103, DOJ 10 Jul 2024
```

दावा नाकारला गेला आणि प्रवाशाकडे पुरावा असेल, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाकडे भाड्याच्या परताव्याचे दावेही येतात, आणि महाराष्ट्रात त्याची खंडपीठं मुंबई आणि नागपूरला आहेत. हजार-बाराशे रुपयांसाठी कोणी तिथवर जात नाही, हे खरं. पण पंचवीस जणांच्या लग्नाच्या वऱ्हाडाचं तिकीट असेल तर रक्कम लहान राहत नाही.

विमानाच्या तिकिटाचं गणित वेगळं आहे. तिथे टीडीआर नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं, तर दुसरं उड्डाण किंवा पैसे परत, यांतली निवड प्रवाशाची. कंपन्या अनेकदा पैशांऐवजी ‘क्रेडिट शेल’ देऊ करतात, म्हणजे ती रक्कम पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहते. ते स्वीकारायचं की नाही हेही नियमानुसार प्रवाशानेच ठरवायचं असतं. त्यामुळे मेलमध्ये ‘क्रेडिट शेल नको, मूळ खात्यात परतावा हवा’ हे एक वाक्य स्पष्ट लिहावं, आणि रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश सोबत जोडावा. कंपनी दाद देत नसेल, तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

एजंटाकडून तिकीट काढलं असेल, तर रेल्वे काय किंवा विमान काय, पैसे आधी एजंटाच्या खात्यात जातात. रेल्वेने यावर २०१९ मध्ये एक उपाय केला. अधिकृत एजंटाने काढलेलं तिकीट रद्द झालं की परताव्याची रक्कम आणि ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो, आणि तो ओटीपी सांगून प्रवाशाने एजंटाकडून तेवढे पैसे घ्यायचे. ही सोय चालते ती तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा मोबाइल नंबर असेल तरच. बरेच एजंट सोयीसाठी आपलाच नंबर टाकतात. मग किती पैसे आले हे प्रवाशाला कळतच नाही. तिकीट काढताना समोर बसून आपला नंबर टाकायला सांगावं, आणि छापील तिकीट हातात आलं की गाडीची वेळ पाहण्याआधी तो नंबर पाहून घ्यावा.